कोटेशनच्या तळातल्या दोन ओळी

यवतमाळात दत्त चौकापासून दारव्हा रोडपर्यंत कुठल्याही दुकानात उभं राहिलं, तर दिवसातून दहा वेळा एकच वाक्य कानावर पडतं : "भाऊ, रेट व्हॉट्सॲपवर टाकून द्या ना." मोटारपंप असो, ठिबकचा संच असो, खिडक्यांची ग्रिल असो की घरावरचं सोलर, भाव आता लेटरपॅडवर कमी आणि फोनच्या पडद्यावर जास्त दिला जातो. दुकानदार पीडीएफ तयार करतो, पाठवतो आणि खाली लिहितो, "पाहून घ्या." ग्राहक लिहितो, "बरं." यानंतर जे काही बिघडतं, ते बहुधा या दोन शब्दांच्या मधल्या जागेत बिघडतं.

रकमेवरून भांडण क्वचितच होतं, कारण आकडा दोघांच्याही डोळ्यांसमोर असतो. भांडण होतं ते "हा भाव कधीपर्यंत होता?" आणि "मी हो म्हटलं होतं की नाही?" यावरून. म्हणून कोटेशनसोबत जाणाऱ्या छोट्या संदेशात सगळ्यात महत्त्वाच्या ओळी तळातल्या दोन : मुदतीची आणि पुढच्या पावलाची. बाकीचं पीडीएफमध्ये असतंच.

एक उदाहरण घेऊन हिशेब करू. माणसं काल्पनिक आहेत, तारखा आणि कराचे दर खरे आहेत. दिग्रसचे एक निवृत्त शिक्षक घरावर तीन किलोवॅटचा सौर संच बसवायचा म्हणतात. 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78,000 रुपये केंद्राचं अनुदान मिळतं. यवतमाळचा एक विक्रेता त्यांना 25 ऑगस्ट 2025 रोजी, सोमवारी, कोटेशन देतो. मूळ किंमत 1,80,000 रुपये. तेव्हा अशा कामात किमतीचे 70 टक्के माल धरून त्यावर 12 टक्के आणि 30 टक्के सेवा धरून त्यावर 18 टक्के जीएसटी लागत असे. दोन्ही मिळून 13.8 टक्के, म्हणजे 24,840 रुपये. एकूण 2,04,840.

पीडीएफ चार पानांची आहे. काका ती उघडतील, बोटांनी मोठी करून पाहतील आणि पहिल्या पानावर थांबतील. म्हणून तिच्यासोबत विक्रेता हा संदेश पाठवतो :

नमस्कार काका,
तीन किलोवॅट सोलर, कोटेशन क्र. 47, दि. 25/08/2025
एकूण रक्कम : ₹2,04,840 (मूळ 1,80,000 + जीएसटी 24,840). जीएसटीचा दर बदलला तर बिलाच्या वेळी लागू असेल तोच दर लागेल.
यात आलं : 540 वॅटचे 6 डीसीआर पॅनल, इन्व्हर्टर, स्ट्रक्चर, वायरिंग, अर्थिंग, बसवणूक.
यात नाही : उंच स्ट्रक्चर हवं असल्यास त्याचा जादा खर्च.
अनुदान ₹78,000 संच सुरू झाल्यावर सरकारकडून थेट तुमच्या खात्यात येईल. ते बिलातून वजा होणार नाही.
हा भाव गुरुवार, 4 सप्टेंबर 2025, संध्याकाळी 6 पर्यंत.
पुढे काय : पटलं तर याच नंबरवर "47 मंजूर" असं लिहा आणि चालू वीजबिलाचा फोटो पाठवा. दोन दिवसांत छत पाहायला माणूस येईल. ॲडव्हान्स त्यानंतरच.
(खाली दुकानाचं नाव आणि फोन)

अनुदानाची ओळ इथे मुद्दाम आहे. बरेच जण संदेशात मोठ्या अक्षरांत "फक्त 1,26,840" लिहितात. वजाबाकी बरोबर आहे, पण ग्राहकाला आधी दोन लाखांच्या वर पैसे उभे करायचे असतात आणि 78,000 नंतर मिळायचे असतात. बँकेचं कर्ज काढायचं की कापूस विकेपर्यंत थांबायचं, हा निर्णय पहिल्या आकड्यावर होतो, दुसऱ्यावर नाही. डीसीआर हा शब्दही शोभेचा नाही. भारतात बनलेल्या सेलचे भारतात बनलेले पॅनल असतील तरच हे अनुदान मिळतं. दुसरा विक्रेता वीस हजारांनी स्वस्त सांगत असेल, तर काकांनी पहिल्यांदा हा शब्द शोधायला हवा.

आता मुदतीची ओळ. तिथे "15 दिवस वैध" असं का लिहिलेलं नाही? कारण पंधरा दिवस कधीपासून मोजायचे हे त्यातून कळत नाही. पीडीएफवरची तारीख 23 असू शकते, संदेश 25 ला गेलेला असू शकतो आणि काकांनी तो 28 ला उघडलेला असू शकतो. त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत खर्चाचा शेवटचा शब्द पुण्यात किंवा नागपुरात नोकरी करणाऱ्या मुलाचा असतो. वडील कोटेशन त्याला फॉरवर्ड करतात. फॉरवर्ड केलेल्या संदेशावर मूळ वेळ राहत नाही, पुढे पाठवल्याची वेळ दिसते. कधी पीडीएफ जाते आणि खालचा मजकूर मागेच राहतो, कधी मजकूर जातो आणि पीडीएफ राहते. मुलाच्या फोनवर "15 दिवस वैध" एवढंच पोहोचलं, तर तो त्याच्या दिवसापासून पंधरा मोजणार, आणि त्याचं काही चुकलं असंही म्हणता येणार नाही.

म्हणून मजकुरातच क्रमांक, कोटेशनची तारीख, मुदतीचा वार, तारीख आणि वेळ आणि दुकानाचं नाव. हा संदेश कुठल्याही फोनवर एकटा पोहोचला तरी त्याचा अर्थ बदलत नाही. वार लिहिण्याचा आणखी एक फायदा आहे : तारीख टाइप करताना चूक झाली तर वार आणि तारीख जुळत नाहीत आणि चूक लगेच दिसते.

मुदत किती दिवसांची ठेवावी, हे विक्रेत्याच्या मर्जीवर वाटतं, पण खरं तर ते त्याला माल देणाऱ्यावर ठरतं. नागपूरच्या डिस्ट्रिब्युटरने पॅनलचा भाव त्याला दहा दिवसांसाठी दिला असेल आणि याने काकांना महिना देऊन टाकला, तर उरलेल्या वीस दिवसांचा धोका याच्या खिशातला. जिनिंगवाल्यांना हे कोणी शिकवावं लागत नाही. वणी किंवा पांढरकवड्याचा जिनर रुईचा भाव खंडीवर सांगतो, 356 किलोंची एक खंडी, आणि सकाळी सांगितलेला भाव संध्याकाळपर्यंत टिकेलच असं तो कधी म्हणत नाही. तिथे मुदत दिवसांची नसते, तासांची असते, आणि दलालाच्या संदेशात ती न लिहिताही सगळ्यांना ठाऊक असते. दिग्रसच्या शिक्षकांना मात्र ती ठाऊक असण्याचं कारण नाही. त्यांना ती लिहूनच द्यावी लागते.

लिहिली नाही तर काय होतं, याचं उत्तर 1872 च्या भारतीय करार कायद्यात आहे. कलम 6 म्हणतं, प्रस्तावात स्वीकारासाठी मुदत दिली असेल तर ती संपताच प्रस्ताव संपतो, आणि दिली नसेल तर वाजवी काळ उलटल्यावर संपतो. वाजवी म्हणजे किती, हे कायदा सांगत नाही. कापसाच्या भावाला एक दिवसही जास्त होईल, बोअरवेलच्या कामाला महिनाही चालेल. तारीख न लिहिणं म्हणजे हा प्रश्न पुढेमागे तिसऱ्या कुणाला सोडवायला देणं.

ग्राहकांनी याच कायद्याचं कलम 5 लक्षात ठेवावं. "4 सप्टेंबरपर्यंत भाव कायम" असं लिहून दिलं म्हणून विक्रेता तोवर बांधलेलाच असतो, असा समज सर्रास आहे. तो चुकीचा आहे. प्रस्ताव उघडा ठेवण्यासाठी त्याने काही मोबदला घेतला नसेल, तर ग्राहकाचा होकार येण्याआधी तो भाव मागे घेऊ शकतो. फक्त मागे घेतल्याचा निरोप होकाराच्या आधी पोहोचला पाहिजे. व्हॉट्सॲपवर पाठवलेला संदेश पंधरा मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो. त्यानंतर आकडा चुकल्याचं कळलं, तर "47 रद्द, त्याऐवजी 47-अ" असा नवा संदेश पाठवावा आणि जुना तसाच राहू द्यावा. जुना संदेश पुसून टाकणारा विक्रेता स्वतःचाच पुरावा पुसत असतो.

आता दुसरी ओळ, पुढच्या पावलाची. तिचं महत्त्व समजायला यवतमाळहून फार लांब जायला नको. खामगावच्या केडिया जिनिंग फॅक्टरी अँड ऑइल मिल्स आणि अहमदाबादची गिरधारीलाल पुरुषोत्तमदास ही पेढी यांच्यात 22 जुलै 1959 रोजी सरकीच्या ढेपेचा सौदा ठरला. सौदा ट्रंककॉलवर ठरला होता, कागद नव्हता. प्रस्ताव अहमदाबादहून आला, होकार खामगावहून गेला. ढेप मिळाली नाही म्हणून अहमदाबादच्या पेढीने 31,150 रुपयांचा दावा अहमदाबादेत लावला. खामगावकरांचं म्हणणं असं की होकार आम्ही खामगावात बोललो, तेव्हा करार खामगावात झाला, दावाही तिकडेच चालवा.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1965 मध्ये बहुमताचा निकाल लागला : टपालाची गोष्ट वेगळी, पण फोनवरचा होकार समोरच्याला जिथे ऐकू येतो तिथे करार होतो. म्हणजे अहमदाबादेत. न्यायमूर्ती एम. हिदायतुल्ला यांनी वेगळं मत लिहिलं. ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले, त्यामुळे हा भाग त्यांना अनोळखी नव्हता. 1872 च्या कायद्याची भाषा टेलिफोनच्या आधीची आहे आणि ती जशी आहे तशी वाचली तर होकाराचे शब्द निघाले त्या खामगावातच करार झाला, असं त्यांचं म्हणणं होतं. ढेप द्यायची होती की नव्हती, या मूळ वादापर्यंत पोहोचण्याआधीच होकार नेमका कुठे धरायचा, यावर दोन्ही बाजूंनी देशाच्या सर्वात वरच्या न्यायालयापर्यंत मजल मारली.

"याच नंबरवर '47 मंजूर' असं लिहा" ही साधी ओळ त्या सगळ्या प्रश्नांवर आधीच उत्तर देते : होकार कोणाला, कुठे आणि कोणत्या शब्दांत. दुकानातल्या पोराला फोनवर सांगितलेलं "हो हो, करून टाका" यात बसत नाही. विक्रेत्याच्या भावाला लग्नात भेटून म्हटलेलं "आपलं सोलर पक्कं" हेही बसत नाही.

अंगठ्याचं काय? हल्ली बहुतेक कोटेशनांना उत्तर म्हणून एक अंगठा येतो. तो "मिळालं" की "मंजूर", हे पाठवणाऱ्यालाही कधी कधी ठाऊक नसतं. कॅनडाच्या सास्काचेवान प्रांतात 2021 मध्ये एका धान्य खरेदीदाराने जवसाच्या कराराचा फोटो शेतकऱ्याला फोनवर पाठवला आणि करार पक्का असल्याचं कळवा, असं लिहिलं. शेतकऱ्याने अंगठा पाठवला. जवसाचा भाव पुढे वाढला आणि माल आला नाही. शेतकऱ्याचं म्हणणं, अंगठा म्हणजे फक्त करार मिळाला. जून 2023 मध्ये तिथल्या न्यायालयाने अंगठा हाच होकार मानला आणि शेतकऱ्याला 82,000 हून अधिक कॅनेडियन डॉलर भरायला लावले. निकालात निर्णायक ठरली ती दोघांची जुनी वहिवाट : आधीच्या सौद्यांत "ओके", "ठीक" असं त्रोटक उत्तर देऊन शेतकरी माल पोहोचवत आला होता. तो निकाल भारतात बंधनकारक नाही. पण वहिवाट पाहण्याची रीत आपल्याकडेही आहे, आणि दरवर्षी त्याच दुकानातून त्याच पद्धतीने माल घेणारे शेतकरी आपल्याकडेही आहेत.

आपल्या कायद्याचं कलम 7 इथे दोन्ही बाजूंनी कापतं. प्रस्तावात होकाराची पद्धत सांगितली असेल आणि होकार दुसऱ्याच पद्धतीने आला, तर विक्रेता "सांगितलं तसं लिहून पाठवा" असा आग्रह धरू शकतो. पण त्याने वाजवी काळात तो धरला नाही, तर आलेला होकार त्याने मान्य केला असं समजलं जातं. काकांनी अंगठा पाठवला, विक्रेता गप्प राहिला आणि पुढच्या आठवड्यात माणूस छतावर चढवला, तर "47 मंजूर कुठे लिहिलंत?" असं विचारण्याचा हक्क त्याने गमावला. अंगठा आला की त्याच दिवशी एक ओळ परत जायला हवी : "काका, मंजूर असेल तर 47 मंजूर असं लिहून पाठवा, म्हणजे काम लावतो."

आता उदाहरण पुढे नेऊ. 3 सप्टेंबर 2025 च्या रात्री जीएसटी परिषदेने दर कमी केल्याची बातमी आली. ठिबक, ट्रॅक्टर, सोलरचं साहित्य 12 वरून 5 टक्क्यांवर, लागू 22 सप्टेंबरपासून. सोलरच्या कामाचा एकत्रित दर 13.8 वरून 8.9 टक्क्यांवर आला. 1,80,000 वर 16,020 रुपये कर, एकूण 1,96,020. आधीच्या रकमेपेक्षा 8,820 रुपये कमी.

काकांनी 4 तारखेला दुपारी "47 मंजूर" लिहिलं असतं, तर करार झाला असता, आणि काम, बिल व पैसे हे तिन्ही 22 नंतर झाले असते तर करबदलाच्या ओळीमुळे त्यांना 1,96,020 च द्यावे लागले असते. तीच ओळ नसती आणि फक्त "एकूण 2,04,840" लिहिलेलं असतं, तर हे 8,820 कोणाचे यावर दोघे घसा बसेपर्यंत बोलले असते. त्या सप्टेंबरात ठिबक, ट्रॅक्टर, सिमेंट असं काहीही विकणाऱ्याच्या जुन्या कोटेशनांपुढे हाच प्रश्न उभा होता.

पण समजा काकांनी मुलाशी बोलण्यात दोन दिवस घालवले आणि 6 तारखेला लिहिलं, "करून टाका, पण नवीन जीएसटीने." हा होकार नाही, दोन कारणांनी. मुदत संपली होती, म्हणजे स्वीकारायला प्रस्तावच उरला नव्हता. आणि "पण" लावलेला होकार कलम 7 प्रमाणे होकार धरला जात नाही, तो काकांचा नवा प्रस्ताव आहे. विक्रेत्याला तो घेता येतो, नाकारता येतो किंवा नव्या क्रमांकाने वेगळा भाव देता येतो. यात कुणी कुणाला फसवलं नाही. दोघांनाही फक्त नव्याने ठरवायचं आहे.

ग्राहक काहीच बोलला नाही तर? विदर्भात "पाहू मंग" हे उत्तर नकाराचं नसतं, वेळ मागण्याचं असतं. कापसाचा पहिला वेचा दसऱ्याच्या आसपास घरी येतो आणि हातात पैसा खेळायला दिवाळी उजाडते. ऑगस्टमध्ये दहा दिवसांची मुदत दिलेलं कोटेशन अशा घरात विक्रीचा करार कमी आणि अंदाज जास्त असतो. मग मुदत वाढवत बसण्यापेक्षा दोन गोष्टी वेगळ्या ठेवलेल्या बऱ्या : आजचा भाव 4 सप्टेंबरपर्यंत, आणि "कापूस विकल्यावर घ्यायचं असेल तर नोव्हेंबरात नवा भाव मागवा, छत आत्ता पाहून ठेवतो." पुढचं पाऊल नेहमी पैशाचंच असलं पाहिजे असं नाही. ते ग्राहकाला त्या आठवड्यात टाकता येईल एवढं लहान मात्र असलं पाहिजे, आणि एकच असलं पाहिजे. "फोन करा किंवा दुकानात या किंवा ॲडव्हान्स टाका किंवा कळवा" असं लिहिलं की ग्राहक चारही सोडून देतो.

हे सगळं फोनवर चालतं म्हणून ते कच्चं, असंही कुणी समजू नये. केवळ इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला म्हणून करार अवैध ठरत नाही, असं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 10अ सांगतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे असे संदेश पुरावा म्हणून दाखवताना त्यांच्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. नुसता स्क्रीनशॉट छापून नेला तर समोरचा वकील पहिला आक्षेप तिथेच घेतो. त्यामुळे काम पूर्ण होऊन हमीचा काळ संपेपर्यंत ते संभाषण फोनमध्ये राहू द्यावं, आणि त्या संभाषणात आपोआप गायब होणाऱ्या संदेशांची सोय चालू नाही ना, हे पाहून घ्यावं.

विक्रेत्याकडे एक काम उरतं आणि तेच सगळ्यात जास्त राहून जातं. 5 सप्टेंबरच्या सकाळी त्याने काकांना एवढंच लिहायचं : "काका, कोटेशन 47 ची मुदत काल संपली. 22 पासून जीएसटी कमी होतोय, नवा भाव 23 ला पाठवतो. तोवर छत पाहून ठेवू का?" ज्यांच्या हातात आज एखादं कोटेशन आहे, त्यांनी पीडीएफ उघडण्याआधी खालचा मजकूर वाचावा. तारीख किंवा होकाराची पद्धत दिसली नाही, तर पैसे पाठवण्याआधी विचारून घ्यावी, आणि उत्तर फोनवर नको, लिहूनच मागावं.